निवेदनाची गती आणि दृश्याची लांबी: शब्द मोजून संहिता बसवण्याची रीत

गावाच्या, देवळाच्या किंवा एखाद्या जुन्या कलेच्या माहितीपटाचं काम करताना एक अडचण हमखास येते. चित्रण झालेलं असतं, संकलकानं दृश्यं लावलेली असतात, लांबी सहा मिनिटं ठरलेली असते आणि निवेदन मात्र आठ मिनिटांचं भरतं. मग दोनच गोष्टी होतात. एक तर निवेदकाला घाईनं वाचायला लावतात, नाहीतर ऐनवेळी संहितेतली वाक्यं उडवतात आणि अर्थ लंगडा होतो. दोन्ही टाळता येतात, पण त्यासाठी मोजणी लिहिण्याच्या आधी करावी लागते.

ही मोजणी कशी करायची ते एका उदाहरणातून दाखवतो. विषय आपल्याकडचाच घेऊ. गोव्यातल्या खाजन शेतीवर सहा मिनिटांचा मराठी माहितीपट करायचा आहे. नदीकाठच्या खारट सखल जमिनीला बांध घालून तिथं भात पिकवायची ही जुनी पद्धत. मांडवी आणि जुवारीच्या खाडीकाठानं, चोडण-दिवाडीच्या बाजूला ती आजही पाहायला मिळते. या विषयात निवेदन लागतंच, कारण बांध आणि त्यातलं पाण्याचं दार नुसतं बघून त्यांचं काम कळत नाही. पण पाण्याचा आवाज, लाकडाचा आवाज यांनाही जागा हवी. त्यामुळे मोजणी शिकायला हा विषय चांगला आहे.

१५० चा आकडा बाजूला ठेवा

मिनिटाला १५० शब्द हा आकडा बहुतेकांनी कुठं ना कुठं वाचलेला असतो. तो इंग्रजी निवेदनासाठी सांगितला जातो. मराठीत तो जसाच्या तसा लावला तर हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो, कारण आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. इंग्रजीत तीन-चार सुट्या शब्दांत येणारी गोष्ट मराठीत ‘बांधावरच्या’ अशा एका लांब शब्दात येते. शब्द कमी आणि लांब, म्हणून मिनिटाला होणारी त्यांची संख्याही कमी.

सहा मिनिटांना १५० नं गुणलं तर ९०० शब्द येतात. मिनिटाला १०८ शब्द वाचणाऱ्या निवेदकाला तेवढ्याच मजकुराला ८ मिनिटं २० सेकंद लागतील. म्हणजे निवेदन लांबणार हे ठरलं होतं पहिल्या दिवशी, आकडा निवडतानाच.

मग मराठीचा आकडा कोणता? सगळ्यांना लागू होईल असा आकडा नाही. माहितीपटाचं संथ वाचन बरेचदा मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्दांच्या दरम्यान पडतं, पण एवढ्या अंदाजावर दृश्यं कापू नयेत. निवेदकाची गती मोजून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

निवेदकाची गती मोजणं

ज्या माणसाचा आवाज जाणार आहे त्याच माणसाची गती मोजायची. लिहिणाऱ्यानं स्वतः वाचून घेतलेली वेळ उपयोगाची नसते. लिहिणाऱ्याला मजकूर पाठ असतो आणि त्याचं वाचन नेहमी जलद होतं.

चाचणीसाठी याच विषयावरचा, याच भाषेतला अडीचशे ते तीनशे शब्दांचा मजकूर घ्या. वर्तमानपत्रातली बातमी नको. तिची वाक्यरचना वेगळी असते आणि गती फसवी येते. निवेदकाला मजकूर आधी एकदा मनात वाचू द्या, मग ध्वनिमुद्रण सुरू करा. मोबाइलवर केलं तरी चालेल. सलग तीनदा वाचून घ्या. पहिल्या वाचनात माणूस जरा अवघडलेला असतो आणि तिसऱ्यात कधीकधी कंटाळलेला, म्हणून तीन वेळांपैकी मधली वेळ धरा. वाक्यांमधले नेहमीचे थांबे वेळेतून वजा करू नका. ते वाचनाचाच भाग आहेत.

आपल्या उदाहरणात निवेदकानं २७० शब्द १५० सेकंदांत वाचले असं धरू. २७० ला १५० नं भागून ६० नं गुणलं की मिनिटाला १०८ शब्द. सेकंदाला १.८. पुढचा सगळा हिशेब या १.८ वर चालेल.

गती मोजताना निवेदकासमोर चित्र लावू नका, हे मला आग्रहानं सांगायचं आहे. माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका फार सुंदर वाचतात, पण समोर पडदा असला की त्यांचा वेग वाढत जातो. “बाई, जरा सावकाश घ्या ना,” म्हटलं की त्यांचं उत्तर, “अहो, तुमचं चित्रच पुढं पळतंय, मी कशी थांबू?” त्यांचं बरोबर आहे. डोळ्यासमोर दृश्य बदललं की वाचणारा नकळत त्याला गाठायला धावतो. हा वेग आपल्या हिशेबात शिरला तर अख्खी संहिता त्या धावत्या वेगावर लिहिली जाते.

खोलीचाही परिणाम होतो. मे महिन्यात आवाजासाठी पंखा बंद करून, खिडक्या लावून वाचायला बसवलं तर घामाघूम झालेला माणूस लवकर सुटका व्हावी म्हणून भराभर वाचतो. चाचणी आणि खरं मुद्रण दोन्ही शक्यतो सकाळी करा आणि दर दहा-बारा मिनिटांनी दार उघडा.

शब्द कसे मोजायचे

संगणक दोन मोकळ्या जागांमधल्या अक्षरांना एक शब्द मानतो. तोंडाला ते लागू होत नाही. आकडे आणि संक्षेप इथंच फसवतात. ‘१९ डिसेंबर १९६१’ हे संगणकाच्या हिशेबात तीन शब्द आहेत. वाचताना होतं ‘एकोणीस डिसेंबर एकोणीसशे एकसष्ट’, म्हणजे चार. गोव्याचं क्षेत्रफळ ‘३,७०२ चौ. किमी’ असं लिहिलं तर तेही तीन शब्द, पण बोलताना ‘तीन हजार सातशे दोन चौरस किलोमीटर’, म्हणजे सहा. एवढ्या दोन जागांवर चार शब्द वाढले, म्हणजे दोन सेकंदांहून जास्त. दहा सेकंदांच्या दृश्यात दोन सेकंद फार झाले.

म्हणून निवेदनाच्या संहितेत एकही आकडा आकड्यात लिहू नका, एकही संक्षेप ठेवू नका. जसं बोललं जाणार तसंच अक्षरी लिहा. निवेदकालाही त्याचा फायदा होतो. साल ‘एकोणीसशे एकसष्ट’ म्हणायचं की ‘एक हजार नऊशे एकसष्ट’ हे त्याला माइकसमोर ठरवावं लागत नाही.

दुसरी अडचण शब्दांच्या लांबीची. ही दोन उदाहरणं मोठ्यानं वाचून बघा:

‘पाणी आले की दार लागते, मासे आत राहतात.’

‘किनारपट्टीवरील मच्छीमारांच्या सहकारी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी संरक्षक बंधाऱ्यांच्या दुरुस्तीसाठी...’

दोन्हींत आठच शब्द आहेत. पण पहिल्याचे उच्चारात तेराच्या आसपास तुकडे पडतात, दुसऱ्याचे पस्तीसच्या आसपास. दुसऱ्याला जवळजवळ तिप्पट वेळ लागतो आणि अजून क्रियापदही आलेलं नाही. शब्दमोजणी सरासरीवर चालते. संहिता एकसारख्या साध्या भाषेत असेल तर ती नीट काम करते. कुठल्या दृश्यात सरकारी वळणाचे लांब शब्द दाटले असतील तर तिथं शब्दांवर विसंबू नका, तेवढाच भाग वाचून घड्याळ लावा. गोव्याच्या विषयात पोर्तुगीज वळणाची नावं, चर्चची पूर्ण नावं, कुळांची नावं येतात. त्यांना हेच लागू आहे. निवेदक अनोळखी नावाच्या आधी क्षणभर सावरतो आणि ते नाव सुटं, सावकाश उच्चारतो.

सहा मिनिटांतलं बोलणं किती?

आता चित्रपटाचा हिशेब. सहा मिनिटं म्हणजे ३६० सेकंद. सुरुवातीच्या शीर्षकाला १५ आणि शेवटच्या नामावलीला २० सेकंद गेले. गावातल्या दोन माणसांच्या मुलाखती आहेत, त्यांचे मिळून ७० सेकंद. मुलाखतीचा वेळ शब्दांवरून काढायचा नाही. माणूस जसा बोलला तसाच बोलला, म्हणून त्या आधी कापून घ्यायच्या आणि त्यांची खरी लांबी मांडायची. उरले २५५ सेकंद. त्यातले ५५ मी निःशब्द ठेवतो. पाणी, वारा, पक्षी, फावड्याचा आवाज आणि दृश्य बदलल्यावर डोळ्यांना लागणारा अवधी हे सगळं त्यात येतं. निवेदनाला मिळाले २०० सेकंद.

२०० ला १.८ नं गुणलं तर ३६० शब्द. नऊशे नव्हे, तीनशे साठ. हा आकडा कळला की लिहिणाऱ्याची निवड बदलते. नऊशे शब्दांत खाजनाचा सगळा इतिहास सांगायचा मोह होतो. तीनशे साठमध्ये कोणत्या तीन-चार गोष्टी सांगायच्या ते आधीच ठरवावं लागतं.

पण ३६० हा आकडा हातात धरून सलग लिहायला बसू नका. एकूण बेरीज जुळली तरी दृश्यं जुळत नाहीत. बांधाच्या दृश्यात वीस शब्द जास्त आणि भाताच्या दृश्यात वीस कमी झाले, तर कागदावर हिशेब पक्का दिसतो आणि पडद्यावर भात दिसत असताना निवेदक अजून बांधाबद्दलच बोलत असतो. २०० सेकंद दृश्यांमध्ये वाटा. आपल्या उदाहरणात सुरुवातीला ३०, बांधाला ४४, मानशीला म्हणजे बांधातल्या दाराला ३६, भाताला ३८, मासेमारीला २८ आणि शेवटाला २४ सेकंद. प्रत्येक दृश्याचा शब्दांचा वाटा वेगळा काढायचा आणि एकाचा वाटा दुसऱ्याला उसना द्यायचा नाही.

हा तक्ता स्प्रेडशीटमध्ये केला तर लिहितालिहिताच कळतं. `B1` मध्ये निवेदकाची गती, म्हणजे १०८, इंग्रजी अंकांत टाका. तिसऱ्या ओळीपासून `A` मध्ये दृश्याचं नाव, `B` मध्ये बोलण्याचे सेकंद आणि `C` मध्ये निवेदनाचा मजकूर. मग पुढच्या तीन रकान्यांत:

```
D3: =LEN(TRIM(C3))-LEN(SUBSTITUTE(TRIM(C3)," ",""))+1
E3: =D3*60/$B$1
F3: =B3-E3
```

`D` मध्ये शब्दसंख्या येते, `E` मध्ये लागणारे सेकंद आणि `F` मध्ये उरलेली जागा. `F` उणे झाला की मजकूर जास्त झाला. हे सूत्र मोकळ्या जागा मोजतं, म्हणून देवनागरीतही चालतं. मात्र एकाच चौकटीत एंटर मारून नवी ओळ केली तर दोन शब्द एक म्हणून मोजले जातात, आणि दोन्ही बाजूंना जागा सोडून काढलेली आडवी रेघ शब्द म्हणून मोजली जाते. दोन्ही टाळा.

मानशीचं दृश्य, सेकंदाला सेकंद

आता एकच दृश्य पूर्ण बसवून बघू. मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. ओहोटीला ते नदीच्या बाजूला उघडतं आणि आतलं पाणी बाहेर जातं. भरती चढू लागली की बाहेरचं पाणी त्याला दाबतं आणि ते मिटतं. दार मिटण्याचा क्षण हा या दृश्याचा प्राण आहे. प्रेक्षकानं तो पाहायला आणि ऐकायला हवा.

दृश्याची लांबी ४८ सेकंद. संकलकाकडून मला फक्त एक गोष्ट हवी असते, दार कितव्या सेकंदाला मिटतं. इथं ते २६ व्या सेकंदाला मिटतं. मग वाटणी अशी होते. पहिले ४ सेकंद फक्त पाण्याचा आवाज. चौथ्यापासून सव्विसाव्यापर्यंत निवेदन, म्हणजे २२ सेकंद. सव्वीस ते एकतीस, पाच सेकंद, लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आणि पाण्याची बदललेली खळखळ, तिथं निवेदक गप्प. एकतीस ते पंचेचाळीस पुन्हा निवेदन, १४ सेकंद. शेवटचे ३ सेकंद मोकळे. बोलण्याचे २२ आणि १४ मिळून ३६ झाले, जे आपण मानशीला दिले होते.

शब्दांत सांगायचं तर पहिल्या तुकड्याला ३९ शब्द आणि दुसऱ्याला २५. अपूर्णांक आला तर खालचा आकडा धरायचा.

पहिल्या तुकड्याचा कच्चा खर्डा साधारण असा येतो:

‘या ठिकाणी आपल्याला दिसत असलेला हा लाकडी दरवाजा म्हणजे मानस होय. नदीला भरती येऊ लागली की नदीतील खारे पाणी या दरवाजाच्या दिशेने वाहत येते आणि त्या पाण्याच्या दाबामुळे हा दरवाजा कोणत्याही माणसाच्या मदतीशिवाय आपोआप बंद होतो. त्यामुळे नदीचे खारे पाणी आतील भातशेतीमध्ये शिरू शकत नाही आणि शेतकऱ्यांच्या पिकाचे नुकसान होण्यापासून संरक्षण होते.’

बावन्न शब्द. १.८ नं भागले तर जवळपास २९ सेकंद. सात सेकंद जास्त. पण लांबी हा इथला दुसरा दोष आहे. पहिला दोष क्रमाचा. ‘बंद होतो’ हे शब्द छत्तिसाव्या शब्दाला संपतात. निवेदन चौथ्या सेकंदाला सुरू झालं तर ते शब्द चोविसाव्या सेकंदाच्या सुमारास येतील आणि दार मिटेल सव्विसाव्याला. त्याच क्षणी निवेदक भातशेतीचं वाक्य सुरू करून बसलेला असेल आणि दाराचा आवाज त्याच्या बोलण्याखाली दबेल.

म्हणून कापण्याआधी मजकूर दाराच्या क्षणाच्या अलीकडे आणि पलीकडे वाटायचा. दार मिटेपर्यंत फक्त दाराविषयी. पिकाचं बोलणं आवाज विरल्यावर, जेव्हा कॅमेरा आत शेतावर वळलेला असतो. मग कापायला बसायचं. जे दिसतंच आहे ते सांगणारे शब्द आधी जातात, म्हणून ‘या ठिकाणी आपल्याला दिसत असलेला हा’ गेलं. एकदा सांगितलेलं परत आलं ते गेलं. नदी, पाणी आणि दरवाजा हे शब्द खर्ड्यात पुन्हापुन्हा येतात. ‘कोणत्याही माणसाच्या मदतीशिवाय आपोआप’ यात एकच गोष्ट दोनदा आहे. ‘नुकसान होण्यापासून संरक्षण होते’ यात लांबच लांब नामं आहेत, क्रियापदानं ते निम्म्यात होतं. पुन्हा लिहिलेला पहिला तुकडा:

‘बांधातल्या या लाकडी दाराला मानस म्हणतात. ओहोटीला ते बाहेरच्या बाजूला उघडतं आणि शेतातलं पाणी नदीत जातं. आता भरती लागली आहे. नदीचं खारं पाणी दारावर रेटा देतं. कुणी हात लावत नाही. पाणीच दार लावतं.’

तेहतीस शब्द. ‘या’ हा बोट दाखवणारा शब्द मुद्दाम ठेवला आहे, कारण त्याच वेळी दार पहिल्यांदा जवळून दिसतं. दुसरा तुकडा:

‘आत कोरगूट भात उभं आहे. थोडा खारटपणा सोसणारं हे भात, पण नदीचं पाणी थेट शिरलं तर तेही टिकत नाही. म्हणून गावानं हे बांध सांभाळले.’

चोवीस शब्द, हिशेबानं सव्वातेरा सेकंदांच्या आसपास. चौदात बसतात.

पहिल्या तुकड्याला ३९ शब्दांची मुभा असताना मी ३३ वरच थांबलो. हिशेबानं त्यांना सव्वाअठरा सेकंद लागायला हवेत, म्हणजे जवळपास पावणेचार सेकंद मोकळे. तिथं आणखी एक वाक्य घालावंसं वाटेल. घालू नका. चाचणीच्या मजकुरात वाक्य सरासरी अकरा-बारा शब्दांचं असेल, तर इथं तेहतीस शब्दांत सहा वाक्यं आहेत. प्रत्येक वाक्याला थांबा लागतो आणि वाक्यं लहान झाली की मिनिटाचे शब्द कमी होतात. हा तुकडा वाचून घेतला तर एकवीस सेकंदांच्या आसपास जातो. ‘पाणीच दार लावतं’ पंचविसाव्या सेकंदाला संपतं आणि पुढच्याच सेकंदाला दार मिटतं. मोकळी वाटलेली जागा थांब्यांनी भरली. लहान वाक्यांच्या तुकड्यात दहा ते पंधरा टक्के शब्द कमीच ठेवा, असं मी याच कारणासाठी सांगतो.

कच्चा आवाज

सगळी दृश्यं अशी लिहून झाली की पक्क्या मुद्रणाआधी कच्चा आवाज करायचा. निवेदकानं घरी मोबाइलवर वाचून पाठवला तरी पुरतो. प्रत्येक तुकडा वेगळा वाचून घ्या. अख्खी संहिता एका दमात नको. मग तो संकलनात चित्राखाली ठेवायचा आणि एकच गोष्ट पाहायची. ज्या शब्दांना चित्रावर ठरावीक जागा आहे, ते तिथं पडतात का? मानशीत अशी जागा एकच होती. मासेमारीच्या दृश्यात ओहोटीला दारापाशी जाळं वर येतं, ती दुसरी. सहा मिनिटांत अशा सात-आठ जागा पुरतात. बाकीचं निवेदन सेकंद-दीड सेकंद मागंपुढं झालं तरी कुणाला कळत नाही, तिथं फार कोरत बसू नका.

कच्च्या आवाजात एखादा तुकडा लांबला तर उपायांचा क्रम ठरलेला ठेवा. आधी शब्द कापा. शब्दांना हात लावताच येत नसेल, म्हणजे नाव किंवा साल असेल, तर संकलकाला विचारा की त्या चित्राला मागंपुढं दोन सेकंद शिल्लक आहेत का. चित्रण करणाऱ्यानं प्रत्येक दृश्य थोडं लवकर सुरू करून थोडं उशिरा थांबवलं असेल तर बहुधा असतात. तिसरा उपाय वाक्यांमधले थांबे किंचित आखडणं. हे संकलनात करता येतं, पण प्रत्येक थांब्यातून थोडं थोडं. एका जागचा पूर्ण थांबा उडवला तर दोन वाक्यं एकमेकांवर आदळल्यासारखी ऐकू येतात. ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्वर न बदलता वेग वाढवायची सोय असते, ती सगळ्यात शेवटी. तीन-चार टक्क्यांपर्यंत ती सहसा खपून जाते. त्यापुढं मराठीतले जोडाक्षरांचे आणि अनुस्वारांचे उच्चार घासले जातात आणि आवाज ओळखीच्या माणसाचा राहत नाही.

निवेदकाला ‘जरा भरभर वाच’ हे या क्रमात कुठंच नाही. घाईनं वाचलेलं निवेदन वेळेत बसतं, पण ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ते ओळखायचं कसं? वाक्याचा शेवट ऐका. घाईत आपण ‘उघडतं’, ‘जातं’ यातला शेवटचा स्वर गिळतो आणि वाक्य हवेत तुटतं. स्वल्पविरामाला घेतलेला श्वास ऐका. तो ओढून घेतल्यासारखा, आवाजासकट ऐकू आला तर वाचणाऱ्याला दम पुरत नाहीये. आणि ज्यानं संहिता वाचलेली नाही अशा माणसाला तो तुकडा एकदाच ऐकवून विचारा, “दार कोण लावतं?” उत्तर आलं नाही तर शब्द कितीही मोजून बसवलेले असले तरी तुकडा परत लिहायचा.

उलटही होतं. एखादा तुकडा चार सेकंद आधी संपतो. तो भरू नका. तिथं पाण्याचा आवाज वर घ्या. मात्र एकाच चित्रपटात चार-पाच तुकडे असे लवकर संपू लागले, तर निवेदकाची गती चाचणीपेक्षा वाढली आहे असं समजा आणि परत मोजा. लांब मुद्रणात दुसऱ्या अर्ध्या तासात हे बऱ्याच जणांचं होतं. पक्क्या मुद्रणाच्या दिवशी पहिला तुकडा शेवटी पुन्हा एकदा वाचून घ्या आणि दोन्हींची वेळ ताडून बघा. फरक सेकंदाहून जास्त आला तर मधले तुकडे दुसऱ्यांदा घ्यावे लागतील.

तीन भाषांत करायचं असेल तर

गोव्यात अशा कामाची मराठीसोबत कोंकणी आणि इंग्रजी आवृत्तीही बरेचदा मागतात. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं देवनागरी कोंकणी ही राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात जागा राहिली. इंग्रजी पाहुण्यांसाठी लागते. चित्र एकच, आवाज तीन.

इथं शब्दांचा आकडा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेऊ नका, सेकंद न्या. मानशीच्या पहिल्या तुकड्याला २२ सेकंद आहेत, हे तिन्ही भाषांना समान. शब्द किती, ते प्रत्येक निवेदकाच्या मोजलेल्या गतीवरून निघतील. इंग्रजी निवेदकाची गती १४० आली तर त्याला एक्कावन्न शब्द मिळतील, मराठीला एकोणचाळीस, आणि दोघंही तेवढ्याच वेळात संपवतील. कोंकणीची गती मराठीच्या जवळ असेल असं गृहीत धरू नका. पेडण्याचा माणूस आणि सासष्टीचा माणूस एकच कोंकणी मजकूर वेगळ्या लयीत वाचतात. जो वाचणार त्याची चाचणी घ्या.

भाषांतर करणाऱ्याला मराठी संहिता एकटी देऊ नका. तिच्यासोबत दृश्याचे सेकंद, शब्दांची मर्यादा आणि जागेवर पडायला हवा तो शब्द, एवढं प्रत्येक तुकड्यापुढं लिहून द्या. मानशीपुढं लिहायचं: ‘२२ सेकंद, शेवटचं वाक्य दार लागण्याचं, त्यानंतर ५ सेकंद गप्प.’ इंग्रजीत क्रियापद आधी येतं, म्हणून तिथं ‘पाणीच’ हा जोर वाक्याच्या शेवटी यावा अशी रचना करता येते. दार मिटण्याआधीच्या शेवटच्या वाक्यात जोर ‘पाणी’वर असला की पुढचे पाच सेकंद तिन्ही भाषांत सारखेच ऐकू येतात. आणि चित्राची लांबी कायम करण्याआधी तिन्ही कच्चे आवाज एकदा चित्राखाली ठेवून बघा. जी भाषा सर्वांत लांबते, तिच्या मापानं दृश्य ठेवायचं.